‘बाकी तू शहाणी आहेस’ : सासूबाईंचा निरोप इंग्रजीत

प्रश्न : आम्ही इंदूरचे, सध्या बंगळुरात. बायको मल्याळी आहे, तिला मराठी येत नाही. आईनं तिला व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप असा : “अगं, पोचलात ना नीट? फोन नाही आला, कामात असशील. त्याचं सोड, तू वेळेवर जेवत जा. न्हाल्यावर ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस. डब्यात मेथीचे लाडू आहेत, कडू लागले तरी रोज एक खायचा. शेव सगळी ऑफिसात वाटू नकोस. तुम्ही गेल्यापासून घरात मन लागत नाही. बाकी तू शहाणी आहेस.” मी इंग्रजी केलं तर हुकूमनामा झाला, आणि शेवटची ओळ तिला टोमणा वाटली. नीट कसं करावं?

उत्तर : सुरुवात शेवटच्या ओळीपासून करू, कारण वरच्या सगळ्या सूचनांचा सूर तीच ठरवते. ‘शहाणी’ हा शब्द धोक्याचा आहे हे खरं. ‘शहाणीच आहेस!’ म्हटलं की तो उपहास होतो, ‘अतिशहाणी’ तर सरळ शिवीच. पण तुमच्या आईंच्या वाक्यात ‘च’ नाही, आणि सुरुवातीला ‘बाकी’ आहे. मराठेशाहीतली पत्रं ‘बहुत काय लिहिणे, तरी सुज्ञ असा’ अशी संपत. सांगायचं ते सांगून झालं की समोरच्याच्या समजुतीचा मान राखायचा आणि पत्र मिटायचं, ही ती रीत. आईंची ओळ त्याच वळणाची आहे. एवढं सगळं मी सांगितलं, पण तुला ते ठाऊकच आहे, हा तिचा अर्थ. म्हणून इंग्रजीत ‘वाइज’ नको, ‘क्लेव्हर’ तर नकोच. ‘बट यू नो ऑल धिस ऑलरेडी’ एवढं पुरे. ‘शहाणी’ शब्द गेला तरी सुनेला दिलेला मान राहिला.

आता हुकूमनाम्याचं. ‘जेव’, ‘जेवत जा’ आणि ‘जेवायचं’ हे तिन्ही आज्ञेचेच प्रकार, पण त्यांचं वजन वेगळं आहे. ‘जेव’ ही आत्ताची, या ताटापुरती आज्ञा. ‘जेवत जा’ म्हणजे रोजची सवय ठेव. त्यात हुकमापेक्षा काळजी जास्त, कारण बोलणारीला माहीत असतं की ती तिथं बघायला नसणार. ‘खायचा’ हे तिसरं रूप म्हणजे घरातला रिवाज सांगणं. औषध घ्यायचं, दिवेलागणीला झोपायचं नाही, तसं हे. इंग्रजीत या तिन्हींना एकच ‘ईट’ मिळतो आणि तो कोरडा पडतो.

इथं बहुतेक जण ‘प्लीज’ घालतात. माझ्या मते तेच सगळ्यात वाईट. आपल्याकडे ‘कृपया’ पाटीवर असतं, सासू सुनेला ‘कृपया जेवत जा’ म्हणाली तर ती रुसली आहे असं समजावं. इंग्रजी ‘प्लीज’ इतकं परकं नसलं तरी सल्ल्यामागून सल्ल्याला ते लागलं की ऑफिसच्या मेलचा वास येतो. त्याऐवजी ‘जेवत जा’साठी क्रियापदाआधी ‘डू’ लावा : ‘डू ईट ऑन टाइम’. यातला ‘डू’ आग्रहाचा आहे, पाहुण्याला ‘घ्या ना’ म्हणताना येतो तो. ‘रोज एक खायचा’साठी क्रियापदच काढून टाका : ‘वन अ डे, बिटर ऑर नॉट’. क्रियापद नसलं की आज्ञाही उरत नाही, रिवाज तेवढा उरतो. आणि ओल्या केसांच्या वाक्यात उलट दोन शब्द वाढवा. ‘सर्दी होईल’ हे आईंनी लिहिलं नाही, कारण मराठी घरात ते लिहावं लागत नाही. ते गाळलं तर इंग्रजीत नुसता नियम दिसतो. ‘यूल कॅच कोल्ड’ जोडलं की नियमाची काळजी होते. न लिहिलेलं लिहायची मुभा मी या निरोपात फक्त इथं घेईन.

‘त्याचं सोड’ याचं शब्दशः ‘लीव्ह हिम’ केलं असेल तर आधी बायकोची समजूत काढा! आई इथं तुम्हाला बाजूला सारून सुनेची बाजू घेताहेत. तो उपाशी राहिला तरी चालेल, तू जेव. ‘नेव्हर माइंड हिम’ यात तो सगळा भाव येतो, आणि तुमचं नाव न घेता ‘त्याचं’ म्हणण्यातली खोडीही.

‘फोन नाही आला, कामात असशील’ हा टोमणा आहे की नाही हे कसं ओळखायचं? ‘असशील’ पाहा. भविष्यकाळाचं हे रूप इथं अंदाजाचं आहे : बिझी असणार बिचारी. आई फोनची वाट पाहत होत्या हे लपत नाही, पण लगेच सुनेच्या वतीनं सबबही त्यांनीच दिली. टोमणा मारायचा असता तर ‘तू’ सुटून ‘तुम्हाला कुठला वेळ!’ झालं असतं. हे ‘तू’वरून ‘तुम्ही’वर जाणं ही मराठी सासूची जुनी खूण आहे. (‘पोचलात’ हे अनेकवचन तुम्हा दोघांसाठी, त्यात मान नाही.) इंग्रजीत ‘नो कॉल’ने वाक्य सुरू झालं तर तक्रार ऐकू येते, म्हणून क्रम उलटा : ‘यू मस्ट बी बिझी, सिन्स यू हॅवन्ट कॉल्ड’. सबब आधी, फोन मागून.

‘मन लागत नाही’ हे खास आपल्या इंदूरकडचं. पुण्याचा माणूस हे वाचून विचारेल, कशात मन लागत नाही, घरकामात? त्याच्याकडे ‘करमत नाही’ म्हणतात. आपल्या बोलीत हिंदीच्या ‘मन नहीं लगता’वरून ते रुळलं आहे आणि अर्थ ‘करमत नाही’ हाच. ‘आय मिस यू’ लिहायचा मोह होईल, लिहू नका. आईंनी ‘मला’ हा शब्दसुद्धा वापरलेला नाही, सगळं घरावर ढकललं आहे. ‘द हाउस फील्स टू क्वाएट सिन्स यू टू लेफ्ट’ असं केलं की आठवण पोचते आणि संकोचही शाबूत राहतो.

‘अगं’ला इंग्रजीत जोड नाही. ‘डियर’ने पत्र औपचारिक होतं. बायकोला आई ज्या लाडक्या नावानं हाक मारत असतील ते घाला, नसेल तर सरळ प्रश्नानं सुरू करा. लाडू, शेव, मेथी हे शब्द तसेच राहू द्या, बंगळुरात ते समजावून सांगावे लागत नाहीत.

सगळं जोडून असं :

“यू बोथ गॉट देअर ऑल राइट, डिडन्ट यू? यू मस्ट बी बिझी, सिन्स यू हॅवन्ट कॉल्ड. नेव्हर माइंड हिम, डू ईट ऑन टाइम युअरसेल्फ. अँड डोन्ट गो आउट विथ युअर हेअर वेट, यूल कॅच कोल्ड. देअर आर मेथी लाडूज इन द डबा : वन अ डे, बिटर ऑर नॉट. डोन्ट गिव्ह अवे ऑल द शेव ॲट द ऑफिस. द हाउस फील्स टू क्वाएट सिन्स यू टू लेफ्ट. बट यू नो ऑल धिस ऑलरेडी.”

यात एक अडचण उरते. ‘ऑल धिस’ लगेच आधीच्या घराच्या वाक्याला चिकटतं, जणू घर सुनं झाल्याचंही तिला आधीच माहीत आहे. तेव्हा घराच्या वाक्यानंतर एक ओळ मोकळी सोडा, किंवा ‘बट’च्या जागी ‘ॲज फॉर द रेस्ट, यू नो इट ऑल’ करा. दुसरं मला जास्त आवडतं, त्यात ‘बाकी’ही येतं. मात्र घराचं वाक्य उचलून वर नेऊ नका. इंग्रजी वाचणाऱ्याला ते आधी हवं असतं, पण आईंनी ते लाडू आणि शेव सांगून झाल्यावर, जाता जाता म्हटलं आहे. आणि खाली ‘लव्ह, आई’ जोडायचं नाही.