सोलापूरचा रोजगार मेळावा: टेबलापलीकडून काय दिसते

प्रश्न: मी मोहोळची, बी.कॉम. २०२३. एक वर्ष कर सल्लागाराकडे काम केले, नंतर आठ महिने स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या रोजगार मेळाव्याला पहिल्यांदाच जाणार आहे. कागदपत्रे कोणती न्यावीत, स्वतःबद्दल काय सांगावे आणि सगळा दिवस एकाच रांगेत जाऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर:

चिंचोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षे काम केले आणि अनेक मेळाव्यांत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, म्हणून तिथे नेमके काय घडते ते आधी सांगतो. मेळाव्यात बहुतेक वेळा निवड होत नाही, छाननी होते. आमच्यासमोर एक तक्ता असे: नाव, शिक्षण, अनुभव, राहण्याचे ठिकाण, अपेक्षित पगार, कधी रुजू होणार आणि मोबाइल क्रमांक. प्रत्येक उमेदवाराला दोन-तीन मिनिटे मिळत, आणि ती संपली की त्याच्या नावापुढे आम्ही एक खूण करत असू: बोलवायचे, नंतर पाहू किंवा नाही. तुमची सगळी तयारी त्या एका खुणेसाठी आहे, असे समजून चाला.

मेळावा जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचा असेल, तर rojgar.mahaswayam.gov.in या संकेतस्थळावर आधीच नोंदणी करा आणि जुनी नोंदणी असल्यास तिच्यात बी.कॉम. व अनुभव भरला आहे का, ते तपासा, कारण बारावीनंतर केलेली नोंदणी तशीच राहिलेली अनेकदा आढळते. येणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्या जागा तिथे पाहायला मिळाल्या, तर स्वतःच्या कामाच्या चार-पाच वहीत उतरवून घ्या.

कागदपत्रांची यादी मोठी नाही. बायोडाटाच्या १० ते १२ प्रती, दहावी, बारावी व पदवीच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अनुभवाचे पत्र, आधार, पॅन आणि सहा-सात पासपोर्ट छायाचित्रे पुरतात. गुणपत्रिका आणि ओळखपत्रांच्या स्वसाक्षांकित छायाप्रतींचे तीन संच पुरे होतात, कारण पहिल्या फेरीत बहुतेक टेबलांवर फक्त बायोडाटा ठेवून घेतात. मूळ प्रती दाखवायच्या, द्यायच्या नाहीत. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी एका कंपनीने माझी मूळ गुणपत्रिका ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतली होती आणि ती परत मिळवायला मला चार महिने खेटे घालावे लागले.

नावाकडे मात्र बारकाईने पाहा. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी. हा फरक सहसा अडवत नाही. परंतु एका ठिकाणी वडिलांचे नाव नसणे, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असणे किंवा जन्मतारीख न जुळणे, या गोष्टी पुढे भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक काढताना खरोखर अडवतात. मेळाव्यापूर्वी आधारमध्ये दुरुस्ती होणार नसेल, तर अर्ज करून पोचपावती फाइलमध्ये ठेवा. बायोडाटावर नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच लिहा.

आता ओळख. ‘माझ्याबद्दल सांगायचे तर माझ्या कुटुंबात पाच जण आहेत’ अशी सुरुवात मी शेकडो वेळा ऐकली आहे, आणि त्या वाक्याचा आमच्या तक्त्यातल्या एकाही रकान्याला उपयोग नव्हता. तुमच्या माहितीवरून मी अशी ओळख बांधेन: ‘नमस्कार सर, मी मोहोळची, २०२३ मध्ये बी.कॉम. झाले. एक वर्ष कर सल्लागाराकडे काम केले. टॅलीत खरेदी-विक्रीची बिले चढवणे, बँकेचा ताळमेळ लावणे आणि जीएसटीआर-१ साठी विक्रीची यादी तयार करणे ही कामे मी स्वतः करत होते. तुमच्या फलकावर अकाउंट्स असिस्टंटची जागा पाहिली, त्यासाठी आले आहे. सोलापुरात रोज ये-जा करू शकते आणि सोमवारपासून रुजू होऊ शकते.’ हे अर्ध्या मिनिटात होते आणि तक्त्यातले बहुतेक रकाने न विचारता भरतात. यातली जी कामे तुम्ही केलेली नाहीत ती गाळा, कारण पुढचा प्रश्न तिथेच येतो: जीएसटीआर-१ मध्ये काय जाते, किंवा खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी का जुळवायची? विक्रीचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये जातो आणि पुरवठादाराने बिल दाखवले नसेल तर त्यावरच्या कराची वजावट अडकते, एवढे दोन वाक्यांत सांगता आले की समोरच्याला तुम्ही प्रत्यक्ष काम केल्याचे कळते.

मराठीत बोलले तर चालते का, ही भीती सोलापुरात तरी सोडा. मी स्वतः मराठीतच विचारत असे. पुण्याहून आलेल्या प्रतिनिधींसाठी हीच ओळख सोप्या इंग्रजीत पाठ नव्हे, पण सवयीची करून ठेवा.

आठ महिन्यांच्या खंडाबद्दल विचारतीलच. अभ्यास केला हे लपवू नका, पण त्या प्रश्नामागची शंका ओळखा: निकाल लागला की ही मुलगी सोडून जाईल. म्हणून ‘परीक्षा दिली, आता पूर्णवेळ नोकरी करायचे ठरवले आहे’ असे सांगा, अर्थात ते खरे असेल तरच.

रांगेचे गणित वेगळे आहे. सर्वात लांब रांग बहुधा ज्यांना पन्नास-शंभर प्रशिक्षणार्थी हवे असतात त्यांच्यापुढे लागते, आणि नेमक्या त्याच कंपन्या उशिरापर्यंत बायोडाटा घेत राहतात. उलट अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोलीच्या एखाद्या लहान कारखान्याला लेखा विभागात दोनच माणसे हवी असतात. दुपारपर्यंत पंचवीस-तीस बायोडाटा जमले की त्यांचा माणूस नाव लिहिणे थांबवतो. त्यामुळे नोंदणी उरकताच कुठल्याही रांगेत उभे न राहता दहा मिनिटे सगळे फलक वाचत एक फेरी मारा, लेखा विभागाच्या कमी जागा असलेली टेबले आधी गाठा आणि मोठी रांग दुपारच्या जेवणाच्या वेळेनंतरसाठी ठेवा. पुण्याहून आलेल्यांना परतीचा प्रवास असल्याने ते लवकर आवरतात, म्हणून त्यांचे टेबल तीन वाजण्यापूर्वी करा.

रांगेत असताना फॉर्म भरून टाका, कारण टेबलापाशी पोहोचून पेन मागणाऱ्याला आम्ही बाजूला थांबायला सांगत असू. क्यूआर कोडवरचा फॉर्म असेल तर तो रांगेत उभे राहतानाच उघडा. गर्दीत नेटवर्क मंदावते. पाणी, बिस्किटे आणि टोपी घरूनच घ्या, मांडवाबाहेर सोलापूरचे ऊन काय असते ते मोहोळकरांना सांगायला नको. छायाप्रतीही आदल्या दिवशीच काढा.

टेबल सोडण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. नेमणूक कंपनीच्या नावावर आहे की ठेकेदाराच्या, आणि सांगितलेला पगार हातात येणारा आहे की वार्षिक पॅकेज. नोंदणी, प्रशिक्षण किंवा गणवेशाच्या नावाखाली पैसे मागितले, तर बायोडाटा परत घेऊन पुढे जा आणि मेळावा सरकारी असेल तर आयोजकांच्या कक्षात तसे सांगा.

बाजूला येताच वहीत कंपनी, पद, सांगितलेला पगार आणि बोललेल्या व्यक्तीचे नाव लिहा. आमचे फोन दोन-तीन दिवसांनी जात, तेही अनोळखी क्रमांकावरून, आणि ‘कुठली कंपनी?’ असे विचारणाऱ्या उमेदवाराऐवजी आम्ही सरळ पुढच्या नावाकडे वळत असू. बायोडाटावर घरातला दुसरा क्रमांकही द्या, आणि तो ज्यांचा आहे त्यांना फोन येणार असल्याचे सांगून ठेवा.