‘शॅल’ला यिंग, ‘शुड’ला यी: मानकांच्या चिनी अनुवादातली सक्ती

प्रश्न: झडपांच्या एका इंग्रजी मानकाचा चिनी अनुवाद करतेय. शब्दकोशात ‘शॅल’ला 必须 आणि ‘शुड’ला 应该 मिळालं, ‘मे’ला मी सगळीकडे 可以 लावलं. चिनी सहकारी म्हणतो की सक्तीची पातळीच बदललीय. नेमकं कुठे चुकलं?

उत्तर: तुमचा शब्दकोश रोजच्या बोलण्यातली चिनी सांगतो, आणि मानकांची चिनी तिच्यापासून मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. चीनमध्ये मानक कसं लिहावं याचंच एक मानक आहे, जीबी/टी १.१. त्याची सध्याची आवृत्ती २०२०ची. कोणत्या पातळीला कोणतं सहायक क्रियापद, हे त्याच्या एका परिशिष्टात ठरवून दिलंय. त्यामुळे इथे शब्द निवडायचा नसतो, ठरलेला शब्द उचलायचा असतो:

```
शॅल    应          शॅल नॉट    不应
शुड    宜          शुड नॉट    不宜
मे     可          नीड नॉट    不必
कॅन    能 / 可能    कॅनॉट      不能 / 不可能
```

उच्चार साधारण असे: 应 यिंग, 宜 यी, 可 ख, 能 नंग, 可能 खनंग. नकारासाठी आधी ‘बू’ लागतो. 不必 म्हणजे बूबी.

सगळ्यात वाईट सापळा 应该चा, म्हणजे यिंगगायचा. बोलताना ‘तू लवकर निघायला हवंस’ म्हणायला हाच शब्द येतो, म्हणून शब्दकोश तो ‘शुड’समोर ठेवतो. पण जीबी/टी १.१ने यिंगगायला यिंगचा पर्याय मानलंय. म्हणजे मूळ मानकातली शिफारस तुमच्या अनुवादात थेट अट झाली. मराठीतून विचार करणाऱ्याला हे पटकन जाणवत नाही, कारण आपलं ‘तपासलं पाहिजे’ सक्तीलाही चालतं आणि सल्ल्यालाही. मराठीत आधी कच्चा खर्डा करून मग चिनीकडे वळत असाल, तर पातळी वाटेतच हरवते.

必须 (बीश्यू) कडक वाटतो म्हणून ‘शॅल’ला योग्य वाटतो. मात्र यिंगच्या जागी तो वापरू नये असं नियमात स्पष्ट आहे. कारणही दिलंय: मानकाची स्वतःची अट आणि बाहेरून आलेलं बंधन यांची गल्लत होऊ नये. आयएसओ-आयईसीच्या लेखननियमांतही ‘मस्ट’ हा शब्द कायद्यासारख्या बाहेरच्या बंधनासाठी राखलेला आहे. तुमच्या मूळ मजकुरात ‘मस्ट’ आलाच, तर बीश्यूची जागा ती.

आता ‘मे’. इथे एका शब्दाला एक शब्द लावणं हीच चूक आहे. इंग्रजीत तो परवानगीही देतो आणि शक्यताही सांगतो. 可以 हा परवानगीच्या 可चा मान्य पर्याय आहे, तेव्हा तिथे तुमचं बिघडलेलं नाही. बिघडलंय ते शक्यतेच्या वाक्यांत. ‘आत ओल राहू शकते’ याचं 可以 केलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की ओल राहिली तरी चालते! ओळखण्याची एक युक्ती आहे. वाक्याचा कर्ता काही निवड करू शकतो का ते पाहा. निर्माता, प्रयोगशाळा, वापरणारा निवड करू शकतात. ओल, गंज, गळती करू शकत नाहीत. निवड नसेल तर 可能. मूळ मजकुरातल्या टिपा तर वेगळ्याच तपासाव्यात. आयएसओच्या नियमाप्रमाणे टीपेत अट, शिफारस किंवा परवानगी येत नाही, म्हणून तिथला ‘मे’ बहुधा शक्यतेचाच असतो.

एक छोटं कलम पूर्ण करून पाहू. वाक्यं नमुन्याची आहेत. झडपेची कारखान्यातून निघण्याआधी दाबचाचणी झालीच पाहिजे (शॅल). चाचणीला पाणी वापरणं बरं (शुड). पाण्याने सीलचं नुकसान होणार असेल तर हवा वापरण्याची मुभा आहे (मे). चाचणीनंतर आत ओल राहू शकते (मे). बसवताना ही चाचणी पुन्हा करण्याची गरज नाही (नीड नॉट).

```
阀门出厂前应进行压力试验。
试验介质宜为水。
水会损坏密封件时,可使用空气。
试验后阀门内可能残留水分。
安装时不必重复该试验。
```

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात इंग्रजी शब्द एकच आहे, चिनी दोन. दुसऱ्या वाक्यात 应该 टाकलंत तर तिसरं वाक्य लटकतं: आधी पाण्याची सक्ती, लगेच हवेची मुभा. कलम स्वतःशीच भांडताना दिसलं की एखादी पातळी चुकलीय असं समजावं.

पाचव्या वाक्यातल्या बूबीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नकारात हात हमखास घसरतो. 可चा नकार 不可 असेल असं वाटणं साहजिक आहे. पण चिनीत 不可 म्हणजे ‘करायचं नाही’, सरळ मनाई. परवानगीच्या बाजूचा नकार मात्र ‘नाही केलं तरी चालेल’ असा हवा, म्हणून 不必. मनाईला 不应 हाच शब्द. 不可, 不得, 禁止 हे तिन्ही २०२०च्या आवृत्तीने तिथे नाकारलेत. जुन्या चिनी मानकांत 不得 दिसेल, कारण २००९च्या आवृत्तीत तो पर्याय म्हणून चालत होता. जुना मानक-मजकूर नमुना म्हणून समोर ठेवत असाल तर हे लक्षात असू द्या. इंग्रजीतला ‘मे नॉट’ दिसला तर थांबाच. तो मनाई आहे की ‘कदाचित होणार नाही’ हे संदर्भावरून ठरवल्याशिवाय त्याचा अनुवाद होत नाही.

चाचणीच्या पायऱ्यांत इंग्रजी नुसती आज्ञा देते: ‘झडप बंद करा, दाब वाढवा’. तिथे काळजीपोटी यिंग घालू नका. चिनीतही आज्ञार्थी वाक्य हाच ठरलेला प्रकार आहे.

हे सगळं जीबी/टी १.१च्या चौकटीतलं. इमारत-बांधकामाच्या चिनी संहितांची शिडी वेगळी आहे. त्यांच्या शेवटी शब्दवापराचा खुलासा असतो आणि त्यात चार पायऱ्या सापडतात: अतिकडक 必须 आणि 严禁, कडक 应 आणि 不应 किंवा 不得, मग 宜, मग 可. झडपा बसवण्याच्या भागात अशा संहितेतला उतारा आला तर त्यातला 必须 तसाच राहू द्यावा.

आंतरराष्ट्रीय मानक चीनमध्ये ‘आयडीटी’, म्हणजे तंतोतंत, स्वीकारलं असं लिहायचं असेल, तर एका ‘शुड’चा 应 होणंही महागात पडतं. तो तांत्रिक बदल ठरतो. मग दर्जा ‘एमओडी’, म्हणजे बदल करून स्वीकारलेलं, असा होतो आणि फरक कारणांसह नोंदवावे लागतात.

तुमचा तयार मजकूर तपासायला आधी हे चालवा:

```
grep -noE '必须|不得|不可|禁止|应该|可以' draft.txt
```

不可能मधलं 不可 त्यात उगीच सापडेल, ते सोडून द्या. पण नुसत्या 应ची संख्या मोजून इंग्रजीतल्या ‘शॅल’शी ताळा करू नका. 应力 (ताण), 反应 (अभिक्रिया), 相应 (अनुरूप) यांत तेच अक्षर आहे, आणि झडपांच्या मानकात 应力 भरपूर येतं. 可चंही तसंच, 可靠 (विश्वासार्ह) वगैरेंत. म्हणून ताळा कलमागणिक करावा. एका रकान्यात कलम क्रमांक, दुसऱ्यात इंग्रजी क्रियापद, तिसऱ्यात चिनी. आणि ‘मे’च्या प्रत्येक ओळीपुढे परवानगी की शक्यता हे चिनी मजकूर पाहण्याआधीच लिहून ठेवावं.