चार पानांचं टाचण, एका पानाचा तास

"मॅडम, रात्री दोन-दोन तास बसून चार पानी टाचण काढते. तरी कृती अर्ध्यावर आली की घंटा होते आणि मी घाबरीघुबरी होते. माझ्यातच काही कमी आहे का?"

कळव्याहून आलेल्या या शिक्षिका ताईचं पाचवीच्या अपूर्णांकांचं टाचण आम्ही टेबलावर पसरलं. उद्दिष्टं सात होती. पहिलंच होतं, 'विद्यार्थ्यांना अपूर्णांक समजतील.' मी विचारलं, "समजले हे तुला दिसणार कसं?" ती गप्प झाली. मग तिने खोडून लिहिलं: 'मूल १/३ आणि १/४ यांतला मोठा कोणता ते पट्टीवर दाखवेल आणि कारण सांगेल.' पान इथूनच हलकं झालं, कारण या ओळीला न लागणारं सगळं आपोआप गळालं.

सुरुवातीला तिची पूर्वज्ञानावरची आठ प्रश्नांची फैर होती. त्या जागी एकच प्रश्न आला: "सारख्याच दोन चिक्क्या आहेत. एक तिघांत वाटायची, दुसरी चौघांत. तू कुठल्या घोळक्यात बसशील?" चार मोठा म्हणून १/४ मोठा म्हणणारी मुलंही इथे तिघांतच बसतात. हजेरी आणि हा प्रश्न मिळून पाच मिनिटं.

खरी गळती कृतीत होती. मुलं कागद दुमडून तीन सारखे भाग करायची. हे मोठ्यांनाही पटकन जमत नाही, तासातली दहा मिनिटं त्यातच जायची. म्हणून २४ सेंटिमीटरच्या पट्ट्या घरूनच कापून न्यायच्या ठरल्या. मुलांनी फुटपट्टीने एकीवर ८-८ वर आणि दुसरीवर ६-६ वर खुणा करायच्या, एकेक भाग रंगवून शेजारी ठेवायचा. जोडीला एक संच, पंधरा मिनिटं.

पुढच्या आठवड्यात ती आली ती एक पट्टी घेऊनच. एका मुलीच्या हाती १८ सेंटिमीटरची पट्टी गेली होती. ८-८ वर खुणा बसेनात म्हणून तिने तिचे तीन सारखे भाग केले. त्यातला एक ६ सेंटिमीटरचा, म्हणजे शेजारणीच्या चारांतल्या एका भागाएवढाच भरला. "बाई, दोन्ही सारखेच!" ताई आधी गडबडली, मग तिने दोन्ही अख्ख्या पट्ट्या एकमेकींशेजारी धरून वर्गालाच विचारलं. मुलांनीच सांगितलं, मूळ पट्टीच लहान आहे. मला तर ती चूक मुद्दाम टाचणात ठेवावीशी वाटते.

शेवटच्या दहा मिनिटांत पाच चर्चेला, पाच चिठ्ठीला: '१/५ मोठा की १/६? का?' पट्टी न वापरता. ताईने फळ्यावर 'छेद मोठा, अपूर्णांक लहान' असं लिहिलं होतं, ते मी बदलायला सांगितलं. तेवढंच पाठ झालं तर मुलं २/३ ला ३/४ पेक्षा मोठा म्हणतात. 'अंश सारखा असेल तर' हे शब्द त्यात हवेतच.

चिठ्ठ्या तिने सोबत आणल्या होत्या. 'का?' पुढे कोरी जागा असलेल्या नऊ निघाल्या. त्या नऊ जणांसाठी दुसऱ्या दिवशीची सुरुवात तिने तिथेच बसून लिहिली, आणि तीही एका ओळीत.