गॅपला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

प्रश्न: रिमोट कस्टमर सपोर्टच्या जॉबसाठी स्पॅनिशमध्ये इंटरव्ह्यू आहे. स्ट्रेंग्थ्स आणि वीकनेस विचारणारच, शिवाय सीव्हीत दोन वर्षांचा गॅप आहे (वडील आजारी होते). स्पॅनिशमध्ये गॅपला शब्द काय? इंग्लिशमधली उत्तरं तयार आहेत, ती भाषांतर करून पाठ करू का?

नको, इंग्लिशमधून करू नका. मराठीतून करा, खरंच सांगतोय, या प्रश्नांपुरती तरी मराठी स्पॅनिशला जास्त जवळची आहे.

आधी शब्द. सीव्हीत जी मोकळी जागा दिसते ती 'वेको' (स्पेलिंगमध्ये पुढे एच आहे, पण तो मुका). माहितीत किंवा शिक्षणात जी भोकं राहिलेली असतात त्यांना 'लागुनास' म्हणतात, मूळ अर्थ तळी. डिक्शनरीत गॅपपुढे 'ब्रेचा' पण सापडेल, पण ती दोन गोष्टींमधली दरी, म्हणजे पुरुष आणि बायकांच्या पगारातली तफावत वगैरे. तुमच्या दोन वर्षांना ब्रेचा म्हणू नका. आणि खरं तर तुम्ही स्वतःहून यातला एकही शब्द उच्चारायची गरज नाही, विचारणारा 'वेको' म्हणाला की तुम्हाला कळलं पाहिजे एवढंच. उत्तरात थेट काय करत होतात ते सांगायचं.

आता स्ट्रेंग्थ्स. इंग्लिशमधून आलेला माणूस 'मिस पुन्तोस फ्वेर्तेस सोन...' म्हणून यादी वाचायला लागतो. चूक नाही, पण पाठांतर ऐकू येतं. मराठीत आपण काय म्हणतो? 'मला समजावून सांगायला चांगलं जमतं.' स्पॅनिशमध्ये अगदी हेच आहे, 'से मे दा ब्येन एक्सप्लिकार'. इथे 'मे' म्हणजे आपलं 'मला', आणि क्रियापद माणसाप्रमाणे न बदलता जमणाऱ्या गोष्टीप्रमाणे बदलतं. 'मला भाषा चांगल्या जमतात' मध्ये जसं 'जमतात' होतं तसंच 'से मे दान ब्येन लोस इदियोमास', दा चं दान झालं. इंग्लिशवाल्यांना हे महिनोन्महिने पचत नाही, आपल्याला फुकट मिळतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की हा प्रयोग स्पेनमध्ये जास्त चालतो. मेक्सिकोचे लोक असतील तर 'से मे फासिलिता' ऐकू येईल, म्हणजे मला सोपं जातं, सांगाडा तोच.

वीकनेसलाही तेच. 'मला जड जातं' म्हणजे 'मे क्वेस्ता', शब्दशः 'मला किंमत पडते'. 'मला अनुभव कमी पडतो' म्हणजे 'मे फाल्ता एक्सपेरियेन्सिया'. 'मी परफेक्शनिस्ट आहे' टाइपचं उत्तर तिकडेही तितकंच शिळं झालंय, त्यामुळे 'सोय पेर्फेक्सियोनिस्ता' विसरा आणि एक खरी, छोटी, कामाच्या गाभ्याला धक्का न लावणारी अडचण सांगा. उदाहरणार्थ, पूर्वी व्हिडिओ कॉलवर बोलायला जड जायचं, म्हणून आता मी आधी दोन वाक्यं लिहून ठेवतो: 'मे कोस्ताबा आब्लार एन लास बिदेओयामादास, आसी के आओरा प्रेपारो दोस फ्रासेस आन्तेस'. रिमोट कामाला हे बरोबर लागू पडतं आणि सुधारणाही त्याच वाक्यात येते.

यातलं 'कोस्ताबा' बघा. आपलं 'जायचं' जिथे बसतं तिथे स्पॅनिशमध्ये हा 'आबा / ईआ' वाला अपूर्ण भूतकाळ बसतो, जायचो, करायचो, बोलायचो, सगळं. हा नियम बऱ्यापैकी भरवशाचा आहे.

पण गॅपच्या वाक्यात मराठी आपल्याला पाडते, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातली हीच खरी अडचण आहे. आपण म्हणतो 'दोन वर्षं बाबांना सांभाळत होतो'. 'होतो' दिसलं की हात आपोआप 'एस्ताबा' कडे जातो, 'एस्ताबा क्विदान्दो आ मी पाद्रे'. ऐकणाऱ्याला ते कॅमेरा चालू ठेवून मध्येच सोडल्यासारखं वाटतं, तो थांबून राहतो की बरं, सांभाळत होतात, आणि मग काय झालं? काळ मोजलेला असेल, सुरुवात-शेवट सांगितलेला असेल, तर 'एस्तुबे' हवं: 'एन्त्रे दोस मिल बेइन्तिउनो इ दोस मिल बेइन्तित्रेस एस्तुबे क्विदान्दो आ मी पाद्रे'. एस्तुबे म्हटलं की तो काळ बंद झाला, दार लावलं, आता मी मोकळा आहे हे क्रियापदच सांगतं. (साल 2023 म्हणजे 'दोस मिल बेइन्तित्रेस', इंग्लिशसारखं वीस-तेवीस असं तोडायचं नाही.)

आणि ते 'पाद्रे' च्या आधीचं 'आ' गाळू नका. मराठीत आपण 'घर सांभाळलं' म्हणतो पण 'बाबांना सांभाळलं', माणूस कर्म असला की 'ना' लावतोच, स्पॅनिशचं 'आ' तिथे तेच काम करतं.

सध्या काम शोधताय हे सांगायला मात्र मराठी परत मदतीला येते. 'आठ महिने शोधतोय', आपला वर्तमानकाळ, त्यांचाही वर्तमानकाळ: 'येबो ओचो मेसेस बुस्कान्दो त्राबाहो'. नकारात मात्र हा साचा बदलतो, 'दोन वर्षं काम केलं नाहीये' म्हणजे 'येबो दोस आन्योस सिन त्राबाहार'. 'सिन' म्हणजे विना, तिथे 'नो' घालून जमत नाही.

सपोर्टचा जॉब आहे म्हणून एक खड्डा दाखवून ठेवतो, मी स्वतः त्यात पडलोय. एका प्रॅक्टिस इंटरव्ह्यूत मी ऐटीत सांगितलं, तीन वर्षं 'सोपोर्ते आ लोस क्लियेन्तेस'. समोरची बाई हसू दाबत होती, कारण त्याचा अर्थ मी तीन वर्षं ग्राहकांना सहन केलं असा होतो. (खोटं नव्हतं म्हणा.) 'आतेन्दी आ लोस क्लियेन्तेस' म्हणा.

असाच दुसरा, जॉब कसा सुटला यावर. कंपनीने काढलं असेल तर 'मे देस्पिदिएरोन', आपण 'मला काढलं' म्हणताना कोणी ते सांगत नाही तसंच. पण 'मे देस्पेदी' झालं तर अर्थ होतो मी निरोप घेतला. तुम्ही वडिलांसाठी स्वतः सोडला असेल तर दोन्ही नकोत, 'देहे एल त्राबाहो पारा क्विदार आ मी पाद्रे'. इथेही तो 'आ' आहेच.

तू की तुम्ही? सुरुवात 'उस्तेद' ने करा. समोरच्याने 'तू' सुरू केलं (स्पेनमध्ये बहुतेक वेळा करतात) की तुम्हीही तूवर या, तेव्हा उस्तेद ताणत राहिलात तर ते आदरापेक्षा अंतर ठेवल्यासारखं वाटतं.