रोजनामा लिहायला बसण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

येत्या सोमवारच्या खातेनिहाय चौकशीत कामकाजाचा रोजनामा लिहायला तुला बसवणार आहेत, आणि किती लिहायचं, काय सोडायचं असं तू विचारलं आहेस. प्रकरण तिसऱ्या पाळीतल्या ऑपरेटरचं आहे, कामावर झोपल्याचा आरोप. असल्या चौकश्या कारखान्यात नेहमीच्याच, त्यामुळे त्याच धाग्याने लिहितो.

तू जे लिहिशील ते वाचणारा माणूस त्या खोलीत नसणार. कामगाराला बडतर्फ केलं, तर प्रकरण बहुतेक वेळा कामगार न्यायालयात जातं. तिथे आधी हेच तपासलं जातं की चौकशी न्याय्य रीतीने झाली का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. तोवर काही वर्षं उलटलेली असतात, सुपरवायझर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात 1971 साली कलम 11-अ आलं, तेव्हापासून न्यायालय चौकशीतला पुरावा स्वतः तोलू शकतं आणि शिक्षा जास्त वाटली तर कमीही करू शकतं. हे तोलणं होतं ते तुमच्या रोजनाम्यावरून. चौकशीच सदोष ठरली, तर कंपनीला न्यायालयात आरोप पहिल्यापासून सिद्ध करावा लागतो, आणि तेव्हा साक्षीदार शोधत फिरायची पाळी येते.

आता साक्षीकडे वळू. सुपरवायझर सरतपासणीत, म्हणजे कंपनीच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नांवर, सांगेल, 'मी रात्री तीन वाजून वीस मिनिटांनी राउंडला गेलो, तेव्हा हा मशीनजवळ झोपलेला होता.' मग कामगाराचा बचाव प्रतिनिधी उलटतपासणी घेईल. समज, ती अशी झाली:

प्रश्न: तुम्ही त्यांच्यापासून किती अंतरावर होता?
उत्तर: साधारण पंधरा पावलं.
प्रश्न: डोळे मिटलेले तुम्ही पाहिले का?
उत्तर: मान खाली होती. डोळे दिसले नाहीत.
प्रश्न: हाक मारली का?
उत्तर: हो, दोनदा. दुसऱ्या हाकेला उठले.
प्रश्न: मशीन चालू होतं की बंद?
उत्तर: चालू होतं.

नवखा लेखनिक याचं एका वाक्यात करून टाकतो: 'साक्षीदाराने उलटतपासणीत आपल्या मूळ म्हणण्याला दुजोरा दिला.' या वाक्याने दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. डोळे दिसले नाहीत, ही कामगाराच्या बाजूची गोष्ट गेली. पहिल्या हाकेला ओ दिली नाही, ही कंपनीच्या बाजूची गोष्टही गेली. पुढे न्यायाधीशांना ठरवायचं असतं की माणूस झोपला होता की मान खाली घालून बसला होता, आणि त्यासाठी लागणारी नेमकी तीच उत्तरं कागदावर नसतात. म्हणून उलटतपासणी प्रश्नोत्तरातच लिही. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांसाठीच्या सरकारी नमुना सेवानियमांत, साक्षीचा संक्षिप्त गोषवारा नोंदवावा एवढीच अपेक्षा आहे, हे मला माहीत आहे. कोणी त्याकडे बोट दाखवलं तरी उलटतपासणीत गोषवाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. सरतपासणी एकवेळ सलग लिहिली तरी चालते, पण प्रथमपुरुषी आणि साक्षीदाराच्याच शब्दांत. तो 'डुलकी' म्हणाला असेल तर 'निद्राधीन' लिहायचं नाही.

शिवीगाळीचा आरोप असेल तेव्हा तर शब्द जसाच्या तसा लिहावा लागतो. तुला संकोच वाटेल, टाइप करताना साहेबही डोळे वटारतील. पण 'अर्वाच्य भाषा वापरली' हे साक्षीदाराचं मत झालं. शब्द काय होते हे कळल्याशिवाय ते अर्वाच्य होते की नुसते रांगडे, हे तिसऱ्या माणसाने कसं ठरवायचं? शॉप फ्लोअरवर रोज उडणारे शब्द कुठले हे कामगार न्यायालयाला चांगलं ठाऊक असतं.

भाषेचाही प्रश्न येईल. व्यवस्थापनाला कागद इंग्रजीत हवा असतो आणि कामगार मराठीत बोलतो. भाषांतर करत लिहिशील तर 'असेल बुवा'सारखं उत्तर हमखास होकारात बदलतं. बोलणं मराठीत, तर रोजनामा मराठीतच ठेव. इंग्रजी प्रत हवी असली तर ती वेगळी करून घ्यावी.

सूर कसा असावा? विशेषणं आणि अनुमानं बाहेर. 'साक्षीदार गडबडला' असं लिहिलंस की तू निकाल दिलास. 'साक्षीदाराने उत्तर दिले नाही. प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर: आठवत नाही.' एवढं पुरे. कर्मचाऱ्याला 'आरोपी' म्हणू नकोस, 'संबंधित कर्मचारी' म्हण. 'कबूल केले' हा शब्द तर फार जपून. 'थकलो होतो, जरा टेकलो' ही झोपल्याची कबुली होत नाही, ते वाक्य अवतरणातच ठेव.

चौकशी अधिकारी एखादा प्रश्न नाकारतील. तेव्हा प्रश्न, समोरच्याची हरकत आणि नाकारण्याचं कारण, तिन्ही लिही. नाकारलेला प्रश्न कागदावर नसला की बचावाची संधी दिली नाही या तक्रारीला उत्तरच उरत नाही. तारीख वाढवून मागितली, मंजूर झाली की नाही आणि का, हेही तसंच. कामगार आला नाही तर किती वाजेपर्यंत थांबलो आणि नोटीस त्याला कशी व कधी पोहोचली याची नोंद झाल्याशिवाय 'एकतर्फी' शब्द लिहू नकोस. पहिल्या दिवशी आरोपपत्र वाचून दाखवलं, ते समजलं का विचारलं, बचाव प्रतिनिधी हवा का विचारलं, आणि प्रत्येकावर तो काय म्हणाला, हे नोंदवल्याशिवाय साक्षीला हात लावायचा नाही. बाकी सुरुवातीची व संपल्याची वेळ, कोण कोण हजर आणि कोणत्या नात्याने, हे तू करशीलच.

चहाच्या वेळी साहेब नि अधिकारी मिळून कामगाराला 'माफी लिहून दे, मिटवू' असं म्हणाले, तर? माझं मत विचारशील तर चौकशी अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे सांग की हे बोलणं कामकाजात घ्यावं लागेल. बहुतेक वेळा ते बोलणंच थांबतं. नाही थांबलं, तर वेळेसह लिहून घे.

शेवटी सह्या. त्या दिवसाचं कामकाज त्याच दिवशी वाचून दाखव, प्रत्येक पानावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घे आणि कामगाराला प्रत देऊन पोच घे. चूक सापडली तर एका रेघेने खोड, वरती दुरुस्ती लिही आणि बाजूला सगळ्यांच्या लघुस्वाक्षऱ्या. व्हाइटनर फासलेलं पान म्हणजे वकिलाला आयतं कोलीत. कामगार म्हणाला की 'मी असं बोललोच नव्हतो', तर मूळ ओळ बदलू नकोस. खाली त्याचा आक्षेप त्याच्या शब्दांत लिही. सही करायला नकार दिला तर 'वाचून दाखवले, सहीस नकार, कारण अमुक' असं लिहून हजर असलेल्या दोघांची सही घे. नकारालाही कारण असतं, आणि 'माझं दुसरं उत्तर लिहिलंच नाही' असं ते निघालं, तर सही बाजूला ठेवून आधी ते उत्तर नोंदवायला अधिकाऱ्यांना सांग.

हाताने घेतलेले कच्चे कागद टाइप झाल्यावर फाडू नकोस. तारीख टाकून त्याच फाइलला लाव.