सातबाराचा फक्त फोटो आला आहे, तर त्यातले रकाने असे वाचा

प्रश्न: हा आमच्या शेताचा सातबारा, यावल तालुका. (फोटो जोडला आहे.)

फोटोसोबत नेमकं काय हवं ते लिहिलेलं नाही, म्हणून वरून खाली रकाने वाचून दाखवतो. कुणाचा हिस्सा किती, जमीन विकता येईल का, याचा निवाडा यातून होत नाही. तो विषय कागदपत्रं बघून वकिलाने सांगायचा.

एका कागदावर दोन नमुने आहेत. वरचा गाव नमुना सात, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आणि किती. खालचा गाव नमुना बारा, म्हणजे त्या जमिनीत कोणत्या साली काय पिकवलं. डोक्यावर गाव, तालुका, गट क्रमांक आणि ‘भूधारणा पद्धती’ आहे. तुमच्याकडे ‘भोगवटादार वर्ग-1’ लिहिलंय. याचा साधा अर्थ, या रकान्यात तरी हस्तांतरणासाठी आधी सरकारी परवानगी लागेल अशी अट दिसत नाही. वर्ग-2 असतं तर अट आधी बघावी लागली असती. मात्र काही बंधनं या रकान्यात नसतात, ती ‘इतर अधिकार’मध्ये लिहिलेली असतात. धुळे-नंदुरबारकडे आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ चा शेरा तिथंच सापडतो.

आता क्षेत्र. आकडे हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने वाचायचे. 1.62.00 म्हणजे 1 हेक्टर 62 आर. 100 आरचा एक हेक्टर आणि साधारण साडेचाळीस आरचा एक एकर, म्हणजे हे चार एकर झाले. ‘एक पूर्णांक बासष्ट एकर’ असं वाचणारे बरेच असतात आणि तिथंच व्यवहाराचा हिशेब चुकतो. या 1.62 पैकी 1.58 लागवडयोग्य जिरायत आणि 0.04 पोटखराब वर्ग (अ), म्हणजे खडक, नाला वगैरेमुळे लागवडीला अयोग्य धरलेला भाग. दोन्हींची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळते. इथपर्यंत सगळं ठीक.

खाली भोगवटादारांच्या रकान्यात दोन खाती आहेत. पहिल्यात चार नावं, क्षेत्र 0.79, पोटखराब 0.02, आकार 3.20. दुसऱ्यात एक नाव, क्षेत्र 0.76, पोटखराब 0.02, आकार 3.20. बेरीज करून बघा: 0.79 आणि 0.76 मिळून 1.55. वर लागवडयोग्य 1.58 आहे. तीन आर, म्हणजे जेमतेम तीन गुंठे, कुठल्याच खात्यात नाहीत.

असा फरक दोन कारणांनी पडतो. एक, हाताने लिहिलेला उतारा संगणकावर चढवताना 9 चा 6 झाला. दोन, दुसऱ्या खात्यातून खरोखर तीन आर कमी झाले, समजा रस्त्याला गेले किंवा विकले, पण एकूण क्षेत्र तसंच राहिलं. इथे आकाराचा रकाना कामाला येतो. आकार म्हणजे जमिनीची सरकारी आकारणी. वर एकूण आकार 6.40 आहे आणि दोन्ही खात्यांत 3.20, म्हणजे निम्मा-निम्मा. तीन आर खरंच गेले असते तर सहसा आकारही थोडा घटला असता. म्हणून मला टायपिंगची चूक जास्त संभवनीय वाटते, पण ही अटकळ आहे, पुरावा नाही. पुरावा नावाशेजारी आहे: ‘फे.फा.’खालचा कंसातला आकडा. त्या क्रमांकाच्या फेरफाराची नक्कल तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) घ्या. फेरफारात 0.79 असेल तर लेखनातली चूक म्हणून त्याच संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. फेरफारातच 0.76 असेल तर ते तीन आर कुठे गेले हे त्या फेरफारातच वाचायला मिळेल, आणि मग दुरुस्तीच्या अर्जाने काम होणार नाही.

पहिल्या खात्यातल्या चार नावांबद्दल एक सांगतो, कारण बहुतेक घरगुती भांडणं इथूनच निघतात. हे सामाईक खातं आहे. क्षेत्र एकदाच लिहिलंय, कुणासमोर किती ते लिहिलेलं नाही. म्हणून 0.79 ला चाराने भागून ‘माझे वीस आर’ असं धरू नका. वरचं नाव चौकोनी कंसात असून त्यावर आडवी रेघ आहे, म्हणजे ते आता कमी झालेलं आहे. मयताच्या नावाला असंच करतात. खालच्या चौघांसमोर एकच फेरफार क्रमांक आहे, तो बहुधा वारस नोंदीचा असेल. तशी ती असेल तर त्यात वारसांची नावं नाती लावून येतात. एखादी बहीण राहून गेली का, हे तिथेच तपासता येतं.

आता फोटोची अडचण. उजवी कड कापली गेली आहे आणि ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना नेमका तिथेच असतो. मला अर्धी ओळ दिसते, ‘वि.का.सो. बोजा र.रु.’, पुढचा आकडा नाही. म्हणजे विकास सोसायटीच्या कर्जाची नोंद आहे. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला देऊन बोजा कमी केल्याचा वेगळा फेरफार व्हावा लागतो. विहिरीतला हिस्सा, कुळाची नोंद, न्यायालयातला दावा हेही याच रकान्यात लिहिलेलं असू शकतं. त्याच बाजूला खाली ‘प्रलंबित फेरफार’ आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक-दिनांक येतो. प्रलंबित असं लिहिलेलं असेल तर उतारा लवकरच बदलू शकतो. नोटिशीवर हरकत घ्यायला 15 दिवस असतात. एवढा भाग दिसल्याशिवाय ‘उतारा स्वच्छ आहे’ असं कुणीही म्हणू नये, मीही म्हणत नाही.

नमुना बारामध्ये केळी आहे, हंगाम ‘संपूर्ण वर्ष’, सिंचनाचं साधन विहीर. वर मात्र जमीन जिरायत. यात घाबरण्यासारखं काही नाही. यावल-रावेरकडे पाण्याशिवाय केळी होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण वरचा जिरायत शब्द पीक बदललं म्हणून बदलत नाही. आणि बारामध्ये पिकाची नोंद आहे म्हणून पीक लावणारा मालक ठरत नाही.

कागदाच्या तळाशी ‘केवळ माहितीसाठी’ अशा अर्थाची सूचना दिसते, म्हणजे ही bhulekh.mahabhumi.gov.in वरची फुकट प्रत. बँकेला किंवा खरेदीखताला ती चालत नाही. digitalsatbara.mahabhumi.gov.in वर 15 रुपये भरले की डिजिटल सहीची प्रत मिळते. तीच नवी काढा, सोबत दोन्ही खात्यांचा आठ-अ घ्या, आणि पुन्हा फोटो टाकलात तर कागद सपाट ठेवून चारही कडा येऊ द्या. नावं आणि खाते क्रमांक मात्र कागदाच्या पट्टीने झाका. आत्ता ती सगळ्यांना दिसताहेत.