गृहकर्जाचा करानंतरचा खरा दर

गृहकर्जाच्या व्याजावर करात वजावट मिळते, म्हणून तुम्ही ९ टक्के व्याजदरातून थेट ३० टक्के कराची बचत काढून कर्जाचा खरा दर ६.३ टक्के धरलात. हिशेब बरोबर आहे, पण पूर्ण व्याजावर वजावट मिळत असेल तरच. आधी वजावटीची कमाल मर्यादा बघा. समजा, वर्षाचं निम्मंच व्याज तिच्यात बसतं. मग सवलतही निम्मी, आणि दर पडतो ७.६५ टक्के. नवखे हमखास इथेच चुकतात.

दुसरं, कराचा दर सरासरी नको, तुमच्या सर्वात वरच्या टप्प्याचा घ्या. वजावटीची रक्कम त्याच टप्प्यातल्या उत्पन्नातून वगळली जाते.

आणि हो, व्याज दरवर्षी घटतं, म्हणून हा हिशेब दरवर्षी नव्याने मांडा. वजावट नसलेली करपद्धत निवडलीत, तर दर पूर्ण ९ टक्केच.